नवजात बाळाची चाळणी चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार आहेच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवजात बाळांच्या रक्ताच्या चाळणी चाचणीचे रिपोर्ट आई-वडिलांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातला सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया) या आजाराचा रिपोर्ट सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. आजार फार दुर्मिळ आहे, पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र पुष्कळ येतात, आणि फोन येतो तेव्हा बाळ जेमतेम आठवड्याचं असतं. खालचे प्रश्न आई-वडिलांनी, नर्सनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. आकडे एकाच काल्पनिक पण वास्तवाच्या जवळच्या उदाहरणातले आहेत. तुमच्या केंद्राचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच राहील.

१. टाचेतून रक्त घेऊन सीएएचसाठी नक्की काय तपासतात?

मूत्रपिंडाच्या वर अ‍ॅड्रिनल नावाची छोटी ग्रंथी असते. कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं ती बनवते. सीएएच असलेल्या बहुतेक बाळांमध्ये या कामातलं २१-हायड्रॉक्सिलेज हे एक एन्झाइम नीट चालत नाही. त्यामुळे त्याच्या अलीकडच्या पायरीवरचा पदार्थ, म्हणजे १७-ओएचपी, रक्तात साचत जातो. चाचणी हा साचलेला पदार्थ मोजते. जन्मानंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावरच्या वर्तुळांत घेतात आणि कार्ड आडवं ठेवून वाळवतात. प्रयोगशाळेत त्या वाळलेल्या डागातून तीनेक मिलिमीटरची टिकली कापून तपासतात. ठरवलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चाचणी आजार पाहत नाही, एका पदार्थाची पातळी पाहते. ती पातळी आजाराशिवायही वर जाऊ शकते. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

२. नर्सने सांगितलं की ही चाचणी दहापैकी नऊ आजारी बाळं पकडते. आमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. म्हणजे बाळाला आजार असण्याची शक्यता ९० टक्के झाली ना?

नाही. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

नर्सने सांगितलेलं वाक्य आजारी बाळांबद्दल आहे: आजार आहे असं धरलं, तर चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ९० टक्के. तुम्हाला हवं आहे ते वाक्य पॉझिटिव्ह आलेल्या बाळांबद्दल आहे: चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, तर आजार असण्याची शक्यता किती? शब्द तेच आहेत, पण ‘तर’च्या अलीकडचं पलीकडे गेलं आहे. गणितात याला सशर्त संभाव्यता म्हणतात, आणि शर्त बदलली की संभाव्यता पार बदलते.

याच आजारातलं उदाहरण घ्या. शरीरातलं मीठ वाहून जाणाऱ्या प्रकारचा सीएएच असलेलं बाळ, उपचार मिळाले नाहीत तर, दुसऱ्या आठवड्यात बहुधा उलट्या करतं. म्हणून उलटी करणाऱ्या प्रत्येक बाळाला सीएएच असतो असं कोणी म्हणणार नाही, कारण दूध बाहेर टाकणारी निरोगी बाळं घरोघरी असतात. उलटीच्या बाबतीत हे आपल्याला न शिकवता कळतं. छापील रिपोर्ट हातात आला की तीच समज हरवते, आणि त्यात तुमची चूक नाही. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द फार ठाम वाटतो.

३. मग खरी शक्यता किती? हिशोब सावकाश करून दाखवाल का?

टक्के बाजूला ठेवा आणि बाळं मोजा. तीन आकडे लागतात. सीएएच साधारण १५,००० बाळांमागे एकाला असतो. चाचणी १० आजारी बाळांपैकी ९ पकडते. आणि निरोगी बाळांपैकी ०.५ टक्के, म्हणजे २०० मागे एक, चुकून पॉझिटिव्ह दाखवते.

आता डोळ्यासमोर १,५०,००० बाळं आणा.

त्यांत आजार असलेली १०. त्यांतली ९ पॉझिटिव्ह येतील, १ निसटेल.

उरलेली १,४९,९९० निरोगी. दर २०० मागे एक या हिशोबाने त्यांतली सुमारे ७५० पॉझिटिव्ह येतील.

तुमचा रिपोर्ट या सगळ्या पॉझिटिव्हांच्या ढिगात आहे. ढीग ७५९ चा. त्यात खरोखर आजारी ९. भागिले की सुमारे १.२ टक्के, म्हणजे ८४ बाळांत एक.

पहिल्यांदा हा आकडा ऐकून लोक पुन्हा मोजून पाहतात. पाहावंच. ०.५ टक्के चूक ऐकायला किरकोळ वाटते, पण ती दीड लाख निरोगी बाळांना लागू होते. ९० टक्के पकड जोरदार वाटते, पण तिला पकडायला मिळतात फक्त दहा बाळं. मोठ्या गर्दीतली छोटी चूक छोट्या गटातल्या मोठ्या यशाला झाकून टाकते.

४. याचं सूत्र काय आहे? परीक्षेत बाळं मोजून चालत नाही.

चालतं खरं, पण सूत्रही देते. हे बेजचं प्रमेय. थॉमस बेज यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध केला.

```
P(आजार | +) = P(+ | आजार) × P(आजार) ÷ P(+)

P(+) = P(+ | आजार) × P(आजार) + P(+ | निरोगी) × P(निरोगी)
```

आपले आकडे घातले की वर ०.९० × १/१५,००० म्हणजे ०.००००६ येतात, आणि खाली ०.००००६ + ०.००५०० म्हणजे सुमारे ०.००५०६. भागाकार ०.०११९. प्रश्न ३ मधलंच उत्तर. वरची संख्या म्हणजे ती ९ बाळं आणि खालची म्हणजे ७५९ चा ढीग, दोन्ही फक्त दीड लाखाने भागलेले.

तोंडी हिशोबाला आणखी सोपी रीत आहे, पुढे ती लागेल. चाचणीपूर्वी आजारी आणि निरोगी यांचं गुणोत्तर १ : १४,९९९ आहे. पॉझिटिव्ह रिपोर्टचं वजन म्हणजे आजाऱ्यात तो किती वेळा येतो भागिले निरोग्यात किती वेळा येतो, ०.९० ÷ ०.००५ = १८०. गुणोत्तराची डावी बाजू १८० ने गुणा: १८० : १४,९९९, म्हणजे जवळपास १ : ८३. एक आजारी, त्र्याऐंशी निरोगी, एकूण चौऱ्याऐंशी. रिपोर्टने शक्यता जवळपास १८० पट वाढवली हे खरंच आहे. पण ती वाढली कुठून? जवळजवळ शून्यातून.

५. पण चाचणी ९९.५ टक्के अचूक आहे असं माहितीपत्रकात छापलंय. ते खोटं आहे का?

खोटं नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही इतकंच. निरोगी बाळांपैकी ९९.५ टक्क्यांना ती निगेटिव्ह म्हणते, एवढाच त्याचा अर्थ. याला विशिष्टता म्हणतात. प्रश्न २ मधले ९० टक्के म्हणजे संवेदनशीलता. दोन्ही आकडे ‘आजार आहे किंवा नाही हे आधीच माहीत आहे’ असं धरून काढलेले असतात, आणि तुम्हाला नेमकं तेच माहीत नाही.

‘अचूक’ हा शब्द दुर्मिळ आजारात किती निरुपयोगी ठरतो हे पाहायचं असेल तर अशी चाचणी कल्पा जी रक्त न पाहताच प्रत्येक बाळाला निगेटिव्ह म्हणते. १५,००० मध्ये ती फक्त एकदा चुकेल. ९९.९९ टक्के अचूक, आणि एकही बाळ न वाचवणारी.

६. आजाराची शक्यता एक-सव्वा टक्काच असेल, तर आम्हाला इतक्या घाईने का बोलावलं? चार दिवसांनी आलो तर?

कृपा करून चार दिवस थांबू नका, आजच या. कमी शक्यता आणि कमी महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीव्र प्रकारच्या सीएएचमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश बाळांच्या शरीरातून मीठ वाहून जातं. रक्तातलं सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं, आणि साधारण पहिला आठवडा संपल्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाळ अचानक कोसळू शकतं. वेळेत हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मीठ सुरू झालं तर हेच बाळ सावरतं आणि नीट वाढतं. ८४ पैकी ८३ बाळांच्या बाबतीत ही धावपळ म्हणजे रक्ताची एक तपासणी आणि एक-दोन दिवसांची काळजी. चौऱ्याऐंशीव्याच्या बाबतीत तो जीव आहे. म्हणून शक्यता छोटी असूनही पाऊल लगेच उचलायचं असतं.

मुलग्यांच्या बाबतीत ही घाई आणखी खरी आहे. सीएएच असलेल्या मुलींची बाह्य जननेंद्रियं बहुधा जन्मतःच वेगळी दिसतात, त्यामुळे डॉक्टरांना आधीच शंका येते. मुलगा मात्र दिसायला अगदी नेहमीसारखा असतो. त्याच्या बाबतीत टाचेच्या रक्ताचा तो डाग हीच कित्येकदा पहिली खूण असते.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, वारंवार उलट्या करत असेल किंवा वजन उतरत असेल, तर या पानावरचा कोणताही हिशोब करत बसू नका. थेट रुग्णालयात जा आणि रिपोर्टबद्दल तिथे सांगा.

७. आमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तोही असाच फसवा असतो का?

सर्वसाधारण बाळासाठी नाही. दीड लाखातली ७५९ पॉझिटिव्ह वजा केली की १,४९,२४१ निगेटिव्ह उरतात, आणि त्यांत निसटलेलं बाळ एकच. चाचणीपूर्वी शक्यता १५,००० मध्ये एक होती, आता जवळपास दीड लाखात एक. दुर्मिळ आजारात निगेटिव्ह रिपोर्ट फार मोठा दिलासा देतो. त्यातला बराचसा दिलासा आजार दुर्मिळ असण्यातूनच येतो, हे मात्र विसरू नका. आजार दुर्मिळ नसेल तर काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८. आमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे. त्याच्यासाठी हाच आकडा धरायचा का?

नाही. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची अ‍ॅड्रिनल ग्रंथी अजून गर्भातल्यासारखंच काम करत असते. तिच्यातून १७-ओएचपीसारखे दिसणारे दुसरे स्टेरॉइडही येतात, आणि नेहमीची इम्युनोअ‍ॅसे पद्धत कधी कधी त्यांनाही १७-ओएचपी समजून मोजते. वर आजारपणाचा ताण असतोच. त्यामुळे निरोगी असूनही ही बाळं मर्यादा ओलांडतात.

म्हणजे निरोगी बाळाचा रिपोर्ट चुकण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. ०.५ टक्के ही दोन फार वेगळ्या गटांची सरासरी होती. समजा, दीड लाखातली १५,००० बाळं अपुऱ्या दिवसांची आहेत आणि ७५० चुकीच्या पॉझिटिव्हांपैकी ४५० त्यांच्यातली आहेत. आजारी दहांपैकी त्यांच्या वाट्याला एक येतं. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता सुमारे ५०० मध्ये एक उरते. पूर्ण दिवसांच्या बाळांत ३०० चुकीचे आणि सुमारे ८ खरे, म्हणजे ३८ मध्ये एक. रिपोर्टवरचा शब्द एकच, पण त्याच्या अर्थामध्ये तेरा पटींचं अंतर.

म्हणूनच अनेक कार्यक्रमांत जन्माच्या वजनानुसार किंवा गर्भाच्या आठवड्यांनुसार मर्यादा वेगवेगळ्या ठेवतात. तुमच्या प्रयोगशाळेने तसं केलं असेल तर हा फरक आधीच बराच कमी झालेला असतो, तेव्हा मर्यादा कशी ठरवली हे विचारून घ्या. जन्मल्यावर २४ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्याचंही असंच आहे. त्या पहिल्या काही तासांत निरोगी बाळाचा १७-ओएचपीसुद्धा चढलेला असतो.

९. तीच चाचणी पुन्हा केली, पुन्हा पॉझिटिव्ह आली. दोनदा चूक होण्याची शक्यता नगण्यच ना?

पहिली चूक कशामुळे झाली यावर ते अवलंबून आहे.

चूक निव्वळ योगायोगाची असती, दर वेळी नव्याने नाणं उडवल्यासारखी, तर प्रश्न ४ मधलं वजन दोनदा लावता आलं असतं. १८० गुणिले १८०, आणि शक्यता थेट ६८ टक्क्यांवर गेली असती. पुष्कळ विद्यार्थी इथपर्यंत बरोबर येतात आणि नेमके इथेच अडकतात.

बाळाचा १७-ओएचपी पहिल्यांदा चढला तो अपुऱ्या दिवसांमुळे असेल, तर दुसऱ्या दिवशीही दिवस अपुरेच आहेत. तेच स्टेरॉइड, तीच पद्धत, तीच गफलत. समजा ७५० निरोगी पॉझिटिव्हांपैकी निम्मी, म्हणजे ३७५, पुनर्तपासणीतही पॉझिटिव्ह आली आणि नऊ आजारी बाळं नऊच राहिली. आता ढीग ३८४ चा आणि त्यात ९ आजारी. शक्यता २.३ टक्के. गृहीत धरलेले ६८ कुठे आणि हे २.३ कुठे!

उलट, पहिली चूक नमुन्याची असेल, म्हणजे एकाच वर्तुळात थेंबावर थेंब पडल्याने डाग दाट झाला असेल, तर नव्या कार्डावरची तपासणी ती चूक खरोखर दुरुस्त करते. म्हणून ‘पुन्हा केली का’ एवढंच विचारून थांबू नका, पहिल्या वेळचं कारण दुसऱ्या वेळीही हजर होतं का तेही विचारा.

१०. मग डॉक्टर वेगळी, दुसऱ्या टप्प्याची चाचणी का सांगतात? तिने काय साधतं?

तिची चूक पहिलीच्या चुकीवर बेतलेली नसते. काही प्रयोगशाळा त्याच कार्डातली दुसरी टिकली मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासतात. हे यंत्र एकेक स्टेरॉइड वेगळं करून मोजतं, त्यामुळे १७-ओएचपीसारख्या दिसणाऱ्या पदार्थांनी ते तितकं फसत नाही. शिवाय या स्टेरॉइडांची एकमेकांशी गुणोत्तरंही त्यातून कळतात.

समजा ७५० निरोगी पॉझिटिव्हांपैकी फक्त ५० मागे एक इथेही पॉझिटिव्ह राहतं, म्हणजे १५ बाळं, आणि नऊ आजारी बाळं टिकून राहतात. ढीग आता २४ चा. शक्यता ९ भागिले २४, म्हणजे ३७.५ टक्के. आजार पक्का झाला असं अजूनही नाही, पण ७३५ घरांमधली चिंता एका टिकलीने मिटली. पक्कं निदान त्यापुढे होतं: शिरेतल्या रक्तातला १७-ओएचपी, सोडियम-पोटॅशियम, गरज पडल्यास अ‍ॅड्रिनलला चालना देणारं एसीटीएच हे संप्रेरक देऊन केलेली चाचणी आणि जनुकाची तपासणी.

इथे एक बारकावा आहे. दुसऱ्या टप्प्याचा हिशोब सुरू करताना मूळ प्रमाण १५,००० मध्ये एक धरायचं नसतं. पहिल्या टप्प्यानंतरची शक्यता हीच दुसऱ्या टप्प्याची सुरुवात.

११. रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय. आकडा मर्यादेच्या थोडा वर असणं आणि खूप वर असणं यात फरक आहे का?

खूप मोठा आहे, आणि केवळ हो-नाही सांगणाऱ्या रिपोर्टमध्ये तो हरवतो याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

निरोगी बाळं मर्यादा ओलांडतात ती बहुधा थोडक्याने. आजारी बाळांचे आकडे बरेचदा खूपच वर असतात. समजा नऊ आजारी बाळांपैकी ६ आणि साडेसातशे निरोगी बाळांपैकी १५ ‘अतिशय जास्त’ या पट्ट्यात आहेत. त्या पट्ट्यातल्या बाळाची शक्यता २१ मध्ये ६, म्हणजे जवळपास २९ टक्के. उरलेल्या ‘थोडं जास्त’ पट्ट्यात ३ आजारी आणि ७३५ निरोगी, म्हणजे २४६ मध्ये एक. प्रश्न ३ मधले १.२ टक्के ही या दोघांची सरासरी होती.

तेव्हा आकडा मागून घ्या. पण दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो ताडून पाहू नका. पद्धती, एककं आणि मर्यादा वेगळ्या असतात.

१२. आमच्या पहिल्या मुलाला सीएएच आहे. आता दुसऱ्या बाळाचा रिपोर्ट आलाय. त्याच्यासाठी हिशोब काय?

इथे सगळं चित्र उलटतं. सीएएचमध्ये आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. एका मुलाला आजार असेल तर दोघंही वाहक असतात, असं जवळजवळ नेहमीच धरता येतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक पुढच्या बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. सुरुवात १५,००० मध्ये एकाने होत नाही.

अशी ४,००० बाळं घ्या. आजारी १,०००, त्यांतली ९०० पॉझिटिव्ह. निरोगी ३,०००, त्यांतली १५ पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता ९१५ मध्ये ९००, म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त. चाचणी तीच, कार्ड तेच, यंत्र तेच. फक्त चाचणीपूर्वीची शक्यता वेगळी.

आणि निगेटिव्ह? १०० निसटलेली आणि २,९८५ निरोगी. सुमारे ३१ मध्ये एक बाळ आजारी असूनही निगेटिव्ह. प्रश्न ७ मधला दिलासा या घराला लागू होत नाही. अशा बाळाच्या बाबतीत चाळणी चाचणीवर विसंबायचंच नसतं. जन्मापूर्वीच डॉक्टरांना कल्पना द्या, म्हणजे थेट निदानाच्या तपासण्या लगेच होतील.

१३. एवढे चुकीचे पॉझिटिव्ह येतात, तर मर्यादा थोडी वर का नेत नाहीत?

नेता येते, पण किंमत मोजावी लागते. समजा मर्यादा वर नेली आणि चुकीचे पॉझिटिव्ह ७५० वरून १५० वर आले. त्याच वेळी पकडलेली आजारी बाळं ९ वरून ७ वर आली. रिपोर्ट खरा असण्याची शक्यता सुमारे ४.५ टक्के होते, कागदावर चाचणी सुधारल्यासारखी दिसते. पण निसटणारी बाळं एकाऐवजी तीन झाली. ही दोन जास्तीची बाळं घरी गेलेली असतात, आणि त्यांच्या आई-वडिलांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट असतो.

सहाशे घरांना काही दिवसांचा घोर लागू द्यायचा की दोन बाळांचा जीव धोक्यात घालायचा, हे बेजचं प्रमेय ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं. सीएएचच्या बाबतीत मी घोर पत्करण्याच्या बाजूने आहे, कारण तो समजावून हलका करता येतो. दुसऱ्या टप्प्याची चाचणी मला म्हणूनच इतकी मोलाची वाटते. ती मर्यादा खालीच ठेवू देते आणि ढीग पुढच्या पायरीवर गाळते.

१४. आमच्या डॉक्टरांनीच ‘९५ टक्के आजार आहे’ असं सांगितलं. डॉक्टरांचाही असा गोंधळ होतो?

होतो, आणि ते जुन्या काळापासून माहीत आहे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, म्हणजे विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ डॉक्टर यांना, एक सोपा प्रश्न विचारला होता. आजार १,००० मध्ये एकाला, निरोग्यांत चुकीचे पॉझिटिव्ह ५ टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर सुमारे २ टक्के. ते फक्त ११ जणांनी दिलं. सर्वांत जास्त दिलं गेलेलं उत्तर ९५ टक्के होतं.

तुमच्या डॉक्टरांशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा: ‘या चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या अशा शंभर बाळांपैकी किती जणांना शेवटी आजार निघतो?’ प्रश्न असा बाळं मोजून विचारला की उत्तरही बहुधा बाळं मोजूनच येतं. बाळाला लक्षणं आहेत किंवा सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट बिघडलाय म्हणून त्यांनी तो मोठा आकडा सांगितला असेल, तर मात्र त्यांचं बरोबर असू शकतं. तेव्हा ते फक्त चाळणी चाचणीबद्दल बोलत नसतात.

१५. केंद्राने कळवलंय की त्यांच्या पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी ३ टक्के खरे निघतात. या ३ टक्क्यांवर पुन्हा आजाराचं दुर्मिळपण लावायचं का?

नाही. त्या ३ टक्क्यांत दुर्मिळपण आधीच मुरलेलं आहे. तो आकडा प्रत्यक्ष पॉझिटिव्ह आलेली बाळं मोजून काढलेला असतो, म्हणजे उलटवण्याचं काम झालेलंच आहे. पुन्हा बेज लावला तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल.

फक्त तो आकडा कोणत्या बाळांचा आहे ते पाहा. अपुऱ्या दिवसांची बाळं धरून आहे की वगळून, दुसऱ्या टप्प्याच्या आधीचा की नंतरचा. तो पूर्ण दिवसांच्या बाळांचा असेल, तर त्याच केंद्रातल्या पूर्ण दिवसांच्या, लक्षणं नसलेल्या, घरात कोणाला आजार नसलेल्या बाळासाठी तो तसाच वापरता येईल. प्रश्न १२ मधल्या घरासाठी मात्र तो उपयोगाचा नाही. त्यांनी संवेदनशीलता आणि विशिष्टता मागून घ्यावी, आणि चारात एकापासून हिशोब सुरू करावा.